कोकम सरबताला मिळालेले गुण आणि ± नंतरचा आकडा: संवेदी चाचणीचं गणित पायरी पायरीने

कोकणातल्या अन्नप्रक्रियेच्या प्रबंधात एक तक्ता हटकून असतो. रंग, वास, चव, एकूण पसंती, आणि प्रत्येक रकान्यात ‘६.४ ± १.३’ अशी जोडी. तळाला S.Em.± आणि C.D. यांच्या दोन ओळी. मार्गदर्शकांनी मागितला म्हणून तक्ता बनतो, सॉफ्टवेअर आकडे देतं, आणि ± नंतरचा आकडा कशाचा आहे हे तोंडी परीक्षेपर्यंत कुणी विचारत नाही. या लेखात एकच छोटा प्रयोग घेऊन हे सगळे आकडे हाताने काढू. दोन सरबतं, दहा जण, वीस गुण. आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण मांडणी अशा प्रबंधांत नेहमी दिसणारीच आहे.

प्रश्न आधी, चव नंतर

अमृत कोकम करताना पिकलेल्या रातांब्याच्या सालीत साखरेचे थर देतात आणि सुटलेला पाक गाळून घेतात. सालीच्या वजनाच्या दीडपट साखर घालायची की दुप्पट, हा आपला प्रश्न. दुप्पट साखरेचं सरबत लोकांना जास्त आवडतं का, एवढंच पाहायचं आहे. आवडत असेल तर वाढीव साखरेचा खर्च करावा, नाहीतर दीडपटीवर थांबावं.

चव घेण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवायच्या: कोणता गुण मुख्य मानणार (इथे ‘एकूण पसंती’), कोणती चाचणी लावणार, आणि किती फरकाला ‘कामाचा फरक’ म्हणणार. आकडे पाहिल्यावर यातलं काहीही ठरवलं, तर पुढच्या सार्थकतेला अर्थ उरत नाही. रंग, वास, चव, घट्टपणा, पसंती अशा पाच रकान्यांपैकी ज्यात फरक दिसेल तोच निष्कर्षात मिरवायचा, हा प्रकार फार चालतो.

दोन्ही पाक सारख्याच प्रमाणात, सारख्याच थंड पाण्यात मिसळायचे, सारख्या पेल्यांत द्यायचे आणि पेल्यांवर ४२७, ८१३ असे तीन आकडी यादृच्छिक क्रमांक घालायचे. ‘अ’ आणि ‘ब’ लिहिलं की ‘अ’ला उगाच झुकतं माप मिळतं. पाच जणांना दीडपट आधी, पाच जणांना दुप्पट आधी. कोकमाचा आंबटपणा जिभेवर रेंगाळतो, त्यामुळे दुसरा पेला पहिल्याच्या सावलीत चाखला जातो. क्रम निम्मा-निम्मा वाटला तर ही सावली दोन्ही सरबतांवर सारखी पडते. मधे साधं पाणी आणि दोन-तीन मिनिटं थांबणं.

गुण नऊ बिंदूंच्या हेडोनिक स्केलवर: १ म्हणजे ‘अजिबात आवडलं नाही’, ५ म्हणजे ‘ना आवडलं ना नावडलं’, ९ म्हणजे ‘अतिशय आवडलं’. अमेरिकी सैन्याच्या अन्न-संशोधन केंद्रात १९४० च्या दशकाच्या शेवटी जवानांच्या जेवणासाठी बनवलेली ही पट्टी आजही जगभर वापरतात.

वीस आकडे

| परीक्षक | दीडपट | दुप्पट | फरक |
|---|---|---|---|
| १ | ७ | ८ | +१ |
| २ | ६ | ७ | +१ |
| ३ | ८ | ८ | ० |
| ४ | ५ | ६ | +१ |
| ५ | ७ | ७ | ० |
| ६ | ८ | ९ | +१ |
| ७ | ६ | ८ | +२ |
| ८ | ४ | ५ | +१ |
| ९ | ७ | ६ | −१ |
| १० | ६ | ७ | +१ |

बेरीज ६४ आणि ७१. सरासरी ६.४ आणि ७.१. फरकांची बेरीज ७, म्हणजे सरासरी फरक ०.७.

पुढे जाण्याआधी आठव्या परीक्षकाकडे पाहा. त्याने दोन्ही सरबतांना सगळ्यांत कमी गुण दिले. सहाव्याने दोन्हींना भरभरून दिले. आठव्याचं ५ आणि सहाव्याचं ९ हा सरबतांतला फरक नव्हे, दोन माणसांच्या गुण देण्याच्या सवयींतला फरक आहे. गणिताचा पुढचा सगळा निकाल यावर फिरणार आहे.

प्रमाण विचलन हाताने

दीडपटीच्या रकान्याची सरासरी ६.४. प्रत्येक गुणातून ६.४ वजा करा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा. ७ चा फरक ०.६, वर्ग ०.३६; ४ चा फरक −२.४, वर्ग ५.७६. असे दहा वर्ग मिळवले की १४.४ येतात. त्यांना ९ ने भागा: १.६. हे प्रचरण. त्याचं वर्गमूळ १.२६, हे प्रमाण विचलन. दुप्पटीच्या रकान्यात वर्गांची बेरीज १२.९ येते आणि प्रमाण विचलन १.२०.

दहाऐवजी नऊने का भागलं? सरासरीही याच दहा आकड्यांतून काढली आहे. आकडे आपल्या स्वतःच्या सरासरीच्या नेहमीच जरा जास्त जवळ असतात, त्यामुळे दहाने भागलं तर पसारा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. एक्सेलमध्ये STDEV.S नऊने भागतं आणि STDEV.P दहाने. दीडपटीच्या रकान्यावर STDEV.P चं उत्तर १.२० येईल. दहा परीक्षक हा नमुना आहे, सगळे सरबत पिणारे नव्हेत, म्हणून STDEV.S.

१.२६ चा अर्थ इतकाच की एकेका माणसाचा गुण सरासरीपासून साधारण सव्वा गुणाने इकडे-तिकडे असतो. सरासरी किती भरवशाची आहे हे तो सांगत नाही. ते सांगते प्रमाण त्रुटी: प्रमाण विचलन भागिले परीक्षकांच्या संख्येचं वर्गमूळ. १.२६ ÷ ३.१६ = ०.४०. म्हणजे ‘६.४ ± १.२६’ आणि ‘६.४ ± ०.४०’ ही दोन्ही बरोबर आहेत आणि दोन्ही वेगळ्या गोष्टी सांगतात. कुठला आकडा छापला हे तक्त्याच्या मथळ्यात लिहिलं नसेल तर वाचकाला कळायला मार्ग नाही. परीक्षक शंभर केले तरी प्रमाण विचलन सव्वाच्या आसपासच राहील, प्रमाण त्रुटी मात्र ०.१३ वर येईल. छोटा आकडा नीटस दिसतो म्हणून प्रमाण त्रुटी छापून तिला प्रमाण विचलन म्हणणारे पेपर मी बरेच वाचले आहेत. गुण १ ते ९ मधले, परीक्षक दहा-बारा, आणि ± नंतर ०.४ असं काही दिसलं की तिथे हेच झालेलं असण्याची शक्यता मोठी. दहा माणसांचं सरबताबद्दल इतकं एकमत होत नाही.

आता चाचणी: एकच आकडे, दोन निकाल

नेहमीच्या वाटेने जाऊ. दोन रकाने, दोन सरासऱ्या, म्हणून दोन स्वतंत्र गटांची टी-चाचणी. दोन्ही प्रचरणांची सरासरी १.५२. फरकाची प्रमाण त्रुटी म्हणजे १.५२ × २ ÷ १० चं वर्गमूळ, ०.५५. टी = ०.७ ÷ ०.५५ = १.२७. स्वातंत्र्यांश १८ असताना ५ टक्के पातळीला तक्त्यातली किंमत २.१०. आपला टी तिथवर पोचत नाही, पी सुमारे ०.२२. निष्कर्ष: फरक सार्थ नाही, दीडपट साखर ठेवा.

पण हे दोन गट स्वतंत्र कुठे आहेत? तीच दहा माणसं दोन्ही सरबतं प्यायली आहेत. म्हणून चाचणी शेवटच्या रकान्यावर, फरकांवर लावायला हवी. फरकांचे वर्ग मिळवले तर ११. त्यातून ७ × ७ ÷ १० म्हणजे ४.९ वजा, उरले ६.१. नऊने भागून ०.६८, वर्गमूळ ०.८२. हे फरकांचं प्रमाण विचलन. प्रमाण त्रुटी ०.८२ ÷ ३.१६ = ०.२६. टी = ०.७ ÷ ०.२६ = २.६९. स्वातंत्र्यांश ९ ला तक्त्यात २.२६. आता फरक सार्थ आहे, पी सुमारे ०.०२५.

आकडे तेच, फरक तोच ०.७, आणि निष्कर्ष उलटा. पहिल्या चाचणीने आठव्याचा कंजूषपणा आणि सहाव्याचा सढळपणा हाही सरबतांतल्या गोंधळाचाच भाग धरला. दुसरीने प्रत्येक माणसाला त्याच्या स्वतःशीच ताडलं, त्यामुळे सवयीचा भाग वजाबाकीत निघून गेला. ०.५५ ची ०.२६ झाली ती यामुळेच.

एक्सेलमध्ये दोघांत एका अंकाचा फरक आहे:

```
=T.TEST(B2:B11,C2:C11,2,2)
=T.TEST(B2:B11,C2:C11,2,1)
```

शेवटचा 2 स्वतंत्र गटांसाठी, 1 जोडीच्या चाचणीसाठी. त्याच्या आधीचा 2 दुहेरी बाजूसाठी: दुप्पट साखर नावडूही शकते, ही शक्यता उघडी ठेवायला. ‘वाढेलच’ असं मनात धरून तिथे 1 टाकला की पी निम्मा होतो. ती सवलत प्रयोगाआधी लेखी घेतली असेल तरच घ्यावी, आणि चवीच्या बाबतीत तर शक्यतो घेऊच नये.

टी-चाचणी लिहिणारा विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात कामाला होता. १९०८ साली त्याने ती ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापली. जव आणि हॉप्सच्या थोड्याशा नमुन्यांवरून निर्णय घ्यायचे असत, त्यातून ती आली. म्हणजे कमी नमुन्यांत अडकलेल्या पेयवाल्यांचं दुःख तिला जन्मापासून ठाऊक आहे.

पी काय सांगतो

दोन्ही सरबतांच्या आवडीत खरोखर काहीच फरक नसता, तरी निव्वळ योगायोगाने ०.७ किंवा त्याहून मोठा फरक (कुठल्याही बाजूने) दिसण्याची शक्यता २.५ टक्के होती. पी इतकंच सांगतो. ‘दुप्पट साखर ९७.५ टक्के खात्रीने चांगली’ असा त्याचा अर्थ होत नाही. आणि पी ०.२२ आला असता तर ‘दोन्ही सारखी’ असंही सिद्ध झालं नसतं. फरक पकडण्याइतका पुरावा नव्हता, एवढंच म्हणता आलं असतं. ‘सार्थ फरक आढळला नाही’ या निकालाचं निष्कर्षाच्या पानावर ‘दर्जा समान आहे’ असं रूपांतर होतं, ही मोठी चूक आहे.

म्हणून पी सोबत फरकाचा पल्ला द्यावा. ०.७ ± २.२६ × ०.२६, म्हणजे सुमारे ०.१ ते १.३. खरा फरक दशांश गुणाचा असू शकतो, सव्वा गुणाचाही असू शकतो. दशांश गुणासाठी साखरेचा खर्च करावा का, हा प्रश्न कारखानदाराचा आहे, आणि त्याला पी पेक्षा हा पल्ला जास्त उपयोगाचा.

पण गुण हे वजन नव्हे

इथे तोंडी परीक्षेतला जाणकार परीक्षक अडवेल, आणि त्याचं बरोबर असेल. ‘थोडंसं आवडलं’ ते ‘बऱ्यापैकी आवडलं’ हे अंतर आणि ‘खूप आवडलं’ ते ‘अतिशय आवडलं’ हे अंतर सारखं आहे, याला आधार काय? हेडोनिक गुण क्रम दाखवतात. क्रमांवर चालणारी विल्कॉक्सनची जोडी-चाचणी लावून पाहू.

शून्य फरकाचे दोन परीक्षक बाजूला, उरले आठ. चिन्ह विसरून त्यांच्या फरकांना लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमांक द्यायचे. एकचा फरक देणारे सात जण. क्रमांक १ ते ७ त्यांच्यात वाटले की प्रत्येकाला सरासरी ४. दोनचा फरक देणाऱ्याला ८. उणे चिन्ह फक्त नवव्याचं, म्हणून उणे क्रमांकांची बेरीज ४. आठ जोड्यांसाठी ५ टक्क्यांच्या तक्त्यात मर्यादा ३ आहे आणि बेरीज तिच्याइतकी किंवा तिच्याहून कमी हवी. ४ बसत नाही. नेमका पी काढला तर ०.०६.

जोडीची टी-चाचणी ०.०२५ म्हणते, विल्कॉक्सन ०.०६. यातलं कुठलं खरं? माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातोय. दोन रास्त चाचण्या ५ टक्क्यांच्या रेषेच्या दोन बाजूंना पडतात, याचा अर्थ पुरावा काठावरचा आहे. एका परीक्षकाने एक गुण इकडेतिकडे दिला असता तरी निकाल हलला असता. प्रयोगाआधी जी चाचणी लिहून ठेवली तीच मुख्य म्हणून द्यावी, दुसरीचा निकालही एका वाक्यात सांगावा, आणि परीक्षक वाढवावेत.

किती वाढवावेत याचा ढोबळ हिशोब सोपा आहे. जोडीच्या चाचणीत, खरा फरक असेल तर दहापैकी आठ वेळा तो सापडावा असं वाटत असेल, तर फरकांच्या प्रमाण विचलनाला अपेक्षित फरकाने भागा, वर्ग करा आणि ८ ने गुणा. अर्धा गुण पकडायचा आणि विचलन ०.८२ असेल तर सुमारे २२ येतात. छोट्या नमुन्यासाठी दोन-तीन जास्त धरा. पण बाजारातल्या साध्या गिऱ्हाइकांची मतं प्रयोगशाळेतल्या लोकांहून जास्त पसरतात. विचलन १.५ धरलं तर तोच हिशोब ७२ वर जातो. ग्राहक-चाचणीला पन्नास ते शंभर माणसं लागतात असं म्हणतात, ते असल्याच हिशोबातून.

यालाच लागून एक गोष्ट. ‘दहा अर्धप्रशिक्षित परीक्षकांनी हेडोनिक स्केलवर गुण दिले’ हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय की त्यातली विसंगती दिसत नाही. प्रशिक्षित माणूस आंबटपणा किती, तुरटपणा किती हे मोजण्यासाठी असतो. त्याला आवडतं की नाही हे विचारून उपयोग नाही, कारण प्रशिक्षणानंतर तो गिऱ्हाईक राहिलेला नसतो. विभागातलेच शिक्षक आणि सहाध्यायी परीक्षक असतील तर निदान पद्धतीच्या भागात तसं लिहावं, आणि निष्कर्षात ‘ग्राहकांना आवडलं’ म्हणू नये.

दोनपेक्षा जास्त सरबतं

साखरेची चार प्रमाणं असतील तर जोड्या सहा होतात. सहा टी-चाचण्या लावल्या तर कुठेच फरक नसतानाही एखादी तरी ‘सार्थ’ निघण्याची शक्यता चौथ्या हिश्श्याच्या घरात जाते. म्हणून आधी अनोवा, म्हणजे सगळ्या सरासऱ्या एकदमच ताडणारी चाचणी. त्यातही वरचीच गोष्ट पाळायची: परीक्षक हा खंड धरायचा, म्हणजे आराखडा यादृच्छिक खंड पद्धतीचा (RBD). तेच आकडे संपूर्ण यादृच्छिक पद्धतीत (CRD) भरले की स्वतंत्र टी-चाचणीचीच चूक मोठ्या तक्त्यात होते. एक्सेलच्या यादीत यासाठी Anova: Two-Factor Without Replication निवडायचं: ओळीत परीक्षक, रकान्यांत सरबतं.

आपल्या दोन सरबतांवर हे करून पाहिलं तर तळाच्या त्या दोन ओळी उलगडतात. त्रुटीचं प्रचरण ०.६८ च्या निम्मं, ०.३४. S.Em. म्हणजे सरासरीची प्रमाण त्रुटी: ०.३४ ÷ १० चं वर्गमूळ, ०.१८. C.D. म्हणजे सार्थ ठरायला सरासऱ्यांत निदान जितका फरक हवा तो आकडा: S.Em. × १.४१ × २.२६ = ०.५९. सरासऱ्यांतला फरक ०.७, हा ०.५९ हून मोठा, म्हणून सार्थ. जोडीच्या टी-चाचणीचाच निकाल वेगळ्या कपड्यांत आला. मात्र C.D. वापरायचा तो अनोवाचा एफ सार्थ आला तरच, आणि सरबतं चारपाच असतील तर टुकीची चाचणी जास्त सुरक्षित.

बाटली एक, वाचनं तीन

संवेदी गुणांशेजारी ब्रिक्स आणि आम्लता असते, आणि तिथे ± चा सगळ्यांत मोठा घोटाळा होतो. एका बाटलीतल्या पाकाची रिफ्रॅक्टोमीटरवर तीन वाचनं: ६६.०, ६६.२, ६६.१. सरासरी ६६.१, प्रमाण विचलन ०.१. आता तीन वेगळ्या दिवशी, वेगळ्या रातांब्यांतून केलेल्या तीन घाण्यांची एकेक बाटली: ६४.८, ६६.१, ६७.४. सरासरी तीच ६६.१, विचलन १.३. पहिला आकडा आपला हात आणि यंत्र किती स्थिर आहे ते सांगतो, दुसरा आपली कृती किती स्थिर आहे ते. साखरेच्या प्रमाणाबद्दल दावा करायचा असेल तर दुसराच लागतो.

रातांब्याची बहुतेक झाडं बियांपासून उगवलेली, म्हणून फळाफळात आंबटपणा आणि रंग बदलतो. एप्रिलचा माल आणि पावसाच्या तोंडावरचा माल यांतही फरक पडतो. एकाच घाण्यातून तीन बाटल्या भरून त्यांना तीन पुनरावृत्त्या म्हटलं तर हा सगळा फरक तक्त्यातून नाहीसा होतो, पी फसवा लहान येतो, आणि पुढच्या मोसमात दुसऱ्या कुणाला तोच निकाल मिळत नाही. प्रत्येक प्रमाणाचे निदान तीन वेगळे घाणे करावेत. एका घाण्यातल्या वाचनांची आधी सरासरी घ्यावी, आणि चाचणीत घाण्यांच्या सरासऱ्या घालाव्यात. चाखण्यालाही हेच लागू आहे. वरच्या दहा जणांनी प्यायलेलं प्रत्येक सरबत एकाच घाण्याचं असेल, तर ०.७ चा फरक साखरेचा की त्या दिवशीच्या फळाचा, हे कुठलीच चाचणी सांगू शकत नाही. एकाच दिवशी, एकाच ढिगातली साल नीट मिसळून दोन वाटे केले आणि एकात दीडपट, दुसऱ्यात दुप्पट साखर घातली, तर फळाचा भाग निदान दोन्हीकडे सारखा राहतो. असे तीन ढीग, तीन दिवशी.

पेपरात लिहायचं ते

पद्धतीच्या भागात: परीक्षक किती आणि कोण, घाणे किती, पेले कसे आणि कोणत्या क्रमाने दिले, ± म्हणजे काय, कोणती चाचणी, दुहेरी की एकेरी, कोणतं सॉफ्टवेअर. निकालात आपल्या उदाहरणाचं वाक्य असं होईल: ‘दुप्पट साखरेच्या सरबताची एकूण पसंती (७.१ ± १.२) दीडपटीपेक्षा (६.४ ± १.३) जास्त आढळली, सरासरी फरक ०.७, ९५ टक्के पल्ला ०.१ ते १.३, जोडीची टी-चाचणी, टी = २.६९, स्वातंत्र्यांश ९, पी = ०.०२५; विल्कॉक्सन चाचणीत पी = ०.०६. ± नंतरचे आकडे प्रमाण विचलन, परीक्षक १०.’

सरासरी एका दशांशापर्यंतच. पूर्णांकात दिलेल्या दहा गुणांवरून ६.४०० लिहिणं म्हणजे नसलेली अचूकता छापणं. आणि मूळ वीस गुणांचा तक्ता परिशिष्टात जोडावा, म्हणजे आठव्या परीक्षकाचं ४ आणि ५ वाचकाला स्वतः पाहता येईल.